गादी-उशीच्या खोळी : कामाची वही

४ फेब्रुवारी

काम हातात घेतलं. वयस्कर लोकांच्या एका निवासासाठी चोवीस गाद्यांच्या आणि अठ्ठेचाळीस उश्यांच्या संरक्षक खोळी शिवून द्यायच्या आहेत. त्यांच्याकडच्या जुन्या खोळींची तक्रार तीच, नेहमीची: आधी पाणी अडायचं, मग वरून फुगे आले, झोपल्यावर चुरचुर आवाज येऊ लागला आणि शेवटी गादी ओली व्हायला लागली.

त्यांनी टाकून दिलेली एक खोळ मागून आणली आणि मधोमध कात्री लावली. वर टॉवेलसारखं सुती टेरी कापड, खाली पॉलियुरेथेनची पातळ फिल्म. चार कडांना दोन्ही थर अजून घट्ट चिकटलेले होते. मध्ये मात्र फिल्म पूर्ण सुटून आतल्या आत चुण्या पडून बसली होती. कापड काढून बाजूला ठेवलं आणि फिल्म टेबलावर हाताने सपाट केली, तर ती कापडाच्या बाहेर चांगली चार बोटं आली. फिल्म तर ताणली गेलेली नव्हती, जाडी सगळीकडे सारखी लागत होती. म्हणजे वाढली नव्हती ती. कापड आटलं होतं.

पुढचा सगळा तपास इथूनच करायचा असं ठरवलं. जोडीला असलेले दोन थर वेगवेगळे आटत असतील तर बिचारा गोंद किती दिवस धरून ठेवणार?

६ फेब्रुवारी

चार कापडांचे नमुने घेतले. नावं साधीच ठेवली आहेत.

‘क’ म्हणजे घट्ट विणीचं नुसतं सुती कापड, मागे काही नाही. ‘ख’ म्हणजे सुती टेरी आणि त्याला चिकटवलेली पॉलियुरेथेन फिल्म. ‘ग’ म्हणजे पॉलिस्टरचं विणीव होजिअरी कापड, तीच फिल्म. ‘घ’ म्हणजे जुन्या पद्धतीचं, मागे पीव्हीसीचा थर असलेलं. ‘घ’ वापरायचा विचार नाही, पण निवासातल्या एक-दोघांनी “पूर्वीचं रबरासारखं होतं तेच बरं” असं म्हटलं, म्हणून शेजारी ठेवलं.

प्रत्येकाचा ५० सेंमीचा चौकोन कापला. काठ मशीनवर मारून घेतले, नाहीतर उसवलेल्या कडेमुळे माप चुकतं. आत न पुसल्या जाणाऱ्या पेनाने बरोबर ४० सेंमी अंतरावर खुणा केल्या, उभ्या आणि आडव्या. कापडाची लांबी कुठली हे बाणाने दाखवलं. ही बाणाची सवय मला उशिरा लागली. पूर्वी एकदा सगळे तुकडे धुऊन झाल्यावर उभा धागा कुठला हेच कळेनासं झालं होतं.

९ फेब्रुवारी

धुण्याआधीची पाण्याची चाचणी. खाली पांढरा टिश्यू पेपर, वर नमुना, त्यावर शाई टाकलेलं १०० मिली पाणी हळूहळू ओतलं. मग त्यावर छोटं ताट आणि ताटात एक किलोचं वजन, पंधरा मिनिटं. वजन ठेवणं महत्त्वाचं आहे. नुसतं पाणी ओतलं तर घट्ट सुती कापडसुद्धा थोडा वेळ तग धरतं आणि आपण फसतो. माणूस त्यावर झोपलेला असतो हे विसरायचं नाही.

‘क’च्या खालचा कागद मिनिटभरात निळा झाला. बाकी तिन्हींखाली कागद कोरडा.

म्हणजे ‘क’ बाद का? तर नाही. घाम, तेल, कोंडा आणि धूळ यांसाठी घट्ट सुती खोळ पुरते, अंगाला छान लागते आणि उकळत्या पाण्यात घातली तरी तिचं काही बिघडत नाही. सांडणारं पाणी किंवा लघवी अडवायची असेल तर मात्र ती कामाची नाही, कितीही घट्ट विणलेली असो. सुताचा धागा स्वतःच पाणी पितो आणि पुढच्या धाग्याला देतो.

१२ फेब्रुवारी

तीन धुण्या झाल्या. ६० अंश, साधी पावडर, सावलीत दोरीवर वाळवण. प्रत्येक वेळी पूर्ण वाळल्यावर, सपाट ठेवून, न ताणता मोजलं.

‘क’ उभ्यात ३८.४ सेंमी झालं, म्हणजे ४ टक्के आटलं. ‘ख’ ३८.६, म्हणजे साडेतीन टक्के. ‘ग’ ३९.८. ‘घ’ जवळजवळ तसंच, पण हाताला कडक लागायला लागलं. आडव्यात सगळेच कमी आटले.

‘क’मधलं सगळ्यात जास्त आटणं पहिल्याच धुण्यात झालं. सुती धागा विणताना मागावर ताणलेला असतो. पाण्यात गेला की तो ताण सोडतो, फुगतो, आणि उभा धागा आडव्या धाग्यांभोवती जास्त वळणं घेतो, म्हणून लांबी कमी होते. हे सगळं साधारण दोन-तीन धुण्यांत संपतं. आधी आटवून दिलेलं कापड मिळालं तर हा भाग फार थोडा राहतो.

‘ख’मध्ये गंमत वेगळी आहे. टेरीला आटायचं असतं आणि फिल्म तिला आटू देत नाही. साडेतीन टक्के आटली ती फिल्मला बरोबर ओढत. तुकडा जमिनीवर ठेवला तर कडा वरच्या बाजूला वळतात, पापड भाजताना वळतात तशा. कापडाची बाजू आत. हे दिसलं की समजायचं, गोंदावर ताण आहे. फुगे अजून एकही नाही.

१९० सेंमी लांब गादीला साडेतीन टक्के म्हणजे साडेसहा सेंमीच्या पुढे. मापात शिवलेली खोळ तिसऱ्या धुण्यानंतर कोपऱ्यावरून निसटणार हे उघड आहे.

१५ फेब्रुवारी

आज मशीनने जीव घ्यायचा बाकी ठेवला होता.

नमुने लहान असल्यामुळे आतापर्यंत काही जाणवलं नव्हतं. आज जुन्या मापाची एक पूर्ण खोळ धुवायला घातली. धुणं व्यवस्थित झालं. पिळायचा फेरा सुरू झाल्यावर मशीन चक्क जागेवरून सरकायला लागलं, धडधड आवाज, मी पळत जाऊन बंद केलं. दार उघडून बघते तर खोळीचा एक भाग पिशवीसारखा झालेला आणि आत बादलीभर नाही पण तांब्या-दोन तांब्ये पाणी अडकलेलं. जे कापड पाणी सोडत नाही ते पिळताना तरी कसं सोडणार! एका बाजूला वजन आणि ड्रम जोरात फिरतोय.

निवासातलं धुणं बघणारे काका फोनवर हसले. म्हणाले, “ताई, ती पिळायचीच नाही. बाहेर काढा, दोरीवर घाला, पाणी गळू द्या, तासाभराने उलटा.” त्यांच्या मशीनच्या माहितीपत्रकातही जलरोधक कापड पिळायच्या फेऱ्यात घालू नका असं लिहिलेलं आहे. मी माझ्या मशीनचं काढून बघितलं, त्यातही आहे. इतकी वर्षं वाचलं नव्हतं.

यापुढे: पिळण्याचा फेरा बंद, फिल्मची बाजू बाहेर ठेवून आधी गळू द्यायची, मग उलटून टेरी बाहेर.

१९ फेब्रुवारी

ड्रायरची चाचणी. निवासात मोठा ड्रायर आहे आणि घाई असली की सगळं त्यात जातं, त्यामुळे ही करणं भाग होतं. ‘ख’चे दोन नवे तुकडे घेतले. एक कमी तापमानावर, एक सगळ्यात जास्त तापमानावर, प्रत्येकी तीन वेळा धुऊन वाळवले.

कमी तापमानाचा तुकडा दोरीवरच्या तुकड्यापेक्षा किंचित जास्त आटला, बाकी ठीक. जास्त तापमानाचा तुकडा तिसऱ्या वेळी बाहेर काढला तेव्हा ३७.८ सेंमी, म्हणजे साडेपाच टक्के, आणि मधोमध रुपयाएवढे दोन फुगे. जुन्या खोळीत दिसलेला रोग अगदी तस्साच.

कारण आता जुळतं. कापड आणि फिल्म यांच्यामधला गोंद उष्णतेने मऊ होतो. ज्या वेळी टेरी जोर लावून आटत असते नेमक्या त्याच वेळी गोंदाची पकड ढिली होते. फिल्म तिथून सुटते आणि निवल्यावर गोंद धरतो तो नव्या, चुकीच्या जागी. कडांना शिवण असल्यामुळे तिथे दोन्ही थर बांधलेले राहतात, म्हणून जास्तीची फिल्म मध्ये गोळा होते. फुगा आला की पाणी लगेच गळायला लागतं असं नाही. पण सुटलेल्या फिल्मला कापडाचा आधार राहत नाही, ती दर हालचालीला स्वतःवर चुरगळते आणि घडीवर चिरते.

लवकर ओळखायची एक युक्ती सापडली. कापडाचा कोपरा दोन अंगठ्यांमध्ये धरून एकमेकांवर सरकवायचा. दोन्ही थर एकजीव असतील तर चामड्यासारखं लागतं. सुटायला लागले असतील तर आत काहीतरी निसरडं सरकतं आणि बारीक चुरचुर ऐकू येते. फुगा डोळ्यांना दिसण्याच्या एक-दोन धुण्या आधीच हे कळतं.

२१ फेब्रुवारी

दहा धुण्या पूर्ण. पुन्हा शाईच्या पाण्याची चाचणी. ‘ग’ कोरडं. ‘ख’खालच्या कागदावर निळे ठिपके!

फिल्म गेली असं समजून मी वहीत तसं लिहूनही टाकलं होतं. मग तुकडा खिडकीपाशी नेला आणि मागून टॉर्च धरला. बाकी सगळीकडे धूसर, एकसारखा उजेड. एका कोपऱ्याजवळ मात्र ताऱ्यांची ओळ असावी तशी अगदी सरळ, समान अंतरावर चमकणारी बारीक भोकं. ‘ख - धुणी १०’ अशी चिठ्ठी मीच तिथे मशीनने शिवली होती. फिल्मचा काहीच दोष नाही, सुईचा आहे. म्हणजे माझा.

यातून दोन गोष्टी बदलल्या. पहिली, खोळीच्या वरच्या सपाट भागावर एकही टाका पडणार नाही. रजईसारखे शोभेचे टाके नाहीत, नावाची पट्टी नाही. पट्टी बाजूच्या झालरीवर. झालर आणि वरचा भाग यांची शिवण गादीच्या वरच्या कडेवर न आणता दोन बोटं खाली बाजूला घ्यायची, म्हणजे भोकांवर पाणी साचणार नाही. दुसरी, शिवताना बारीक सुई आणि लांब टाका. साध्या जाड सुईने जवळजवळ टाके घातले की ती शिवण नसते, टपाल तिकिटाची कड असते. ओढली की फाटते.

धागा पॉलिस्टरचा. सुती धागा धुण्यात आटतो आणि ‘ग’सारख्या न आटणाऱ्या कापडाच्या शिवणीला चुण्या पाडतो. इथेही तेच, एक आटतो आणि दुसरा नाही.

२३ फेब्रुवारी

थोडं विषयांतर, पण आवश्यक. ‘ख’ आणि ‘ग’ दोन्ही पाणी अडवतात, मग न आटणारं ‘ग’च का घेऊ नये? दोन्ही तुकडे किंचित उतरत्या फळीवर ठेवले आणि वर अर्धी वाटी पाणी ओतलं. ‘ग’वरून पाणी घरंगळत खाली गेलं, फळीच्या कडेवरून टेबलावर. ‘ख’ने ते जागच्या जागी पिऊन घेतलं, खालच्या कडेला फक्त दमटपणा.

फिल्म पाणी अडवते, साठवत नाही. साठवायचं काम वरच्या कापडाचं. वर शोषणारं काही नसेल तर पाणी वाट काढत कडेला जातं आणि झालरीतून गादीच्या कुशीत शिरतं. मग लोक म्हणतात खोळ गळकी आहे. टेरीच्या फाशांमध्ये पाण्याला बसायला जागा असते.

‘ख’चाच आणखी एक तुकडा कापड मऊ करणाऱ्या द्रवात तीन वेळा खळबळून घेतला होता. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा वर बसून राहिला. त्या द्रवाचा मेणचट थर धाग्यांवर बसतो आणि टेरीची तहानच मारतो. काकांना कळवलं. क्लोरीनचं ब्लीचही बंद करायला सांगितलं, ते फिल्मला पिवळं आणि ठिसूळ करतं.

२६ फेब्रुवारी

‘रबराचं बरं’ म्हणणाऱ्यांसाठी. चार सारखे वाडगे, प्रत्येकात सारखंच पाणी, तोंडाला एकेक नमुना ताणून बांधला, फिल्म खाली. वजन केलं आणि पूर्ण दिवस एकाच कपाटावर ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन. ‘क’च्या वाडग्यातून ४० ग्रॅम पाणी उडालं होतं, ‘ख’मधून २२, ‘ग’मधून २४, आणि ‘घ’मधून जेमतेम १. ‘घ’च्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते.

पॉलियुरेथेनच्या या फिल्मला भोकं नसतात. पाण्याची वाफ तिच्यात विरघळून एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, द्रव पाणी मात्र जात नाही. पीव्हीसीतून वाफही जवळजवळ जात नाही. रात्रभरचा घाम जाणार कुठे? पाठीखाली साचतो. घरगुती वाडग्यांची चाचणी आहे, आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून बघू नयेत. आपापसातला फरक तेवढा खरा.

२ मार्च

उश्या. निवासात संरक्षक खोळ नसल्यामुळे आतापर्यंत अख्खी उशीच धुवायचे. ती धुतल्यावर आत काय होतं ते बघायला तीन जुन्या उश्या आणल्या. एक कापसाची, एक पॉलिस्टर तंतूंची, एक फोमची.

फोमची लगेच निकालात निघाली. ओली उशी एका टोकाला धरून उचलली आणि स्वतःच्याच पाण्याच्या वजनाने कोपरा तुटून हातात आला. फोम स्पंजासारखा पाणी धरतो आणि ओला असताना कमकुवत असतो. तिच्या चिठ्ठीवर धुऊ नका असं लिहिलेलं होतंच.

बाकी दोन्ही आधी वजन करून धुतल्या. कापसाची कोरडी १४०० ग्रॅम, पिळून निघाली तेव्हा २३००. पॉलिस्टरची ७०० ची ९६० झाली.

३ ते ७ मार्च

रोज संध्याकाळी तराजूवर. पॉलिस्टरची दुसऱ्या दिवशीच ७०५ वर आली, म्हणजे वाळली.

कापसाची : ३ तारखेला १८५०. ४ तारखेला १५४०. या दिवशी तिला हात लावून बघितला तर वरून अगदी कोरडी, उन्हात तापल्यामुळे उबदारसुद्धा. कुणीही अभ्रा चढवून पलंगावर ठेवली असती. तराजू मात्र सांगत होता की आत अजून १४० ग्रॅम पाणी आहे. चहाचा मोठा कप भरेल इतकं. ७ तारखेला १४३० वर थांबली, आणि तोपर्यंत तिला ओल्या तळघरासारखा वास यायला लागला होता.

अशा अर्धवट वाळलेल्या उशीवर जलरोधक खोळ चढवली तर ते पाणी आणखी सावकाश बाहेर पडणार आणि बुरशीला आयता वेळ मिळणार. उशी किंवा गादी पूर्ण कोरडी असल्याशिवाय खोळ घालू नये, आणि कोरडी आहे की नाही ते हाताने नव्हे, वजनाने ठरवावं. धुण्यापूर्वीचं वजन उशीच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं की झालं.

८ मार्च

दोन्ही उश्या उसवल्या.

कापसाच्या उशीचं अस्तर मांजरपाटाचं. धुण्याआधी ६४ सेंमी लांब होतं, आता साडेएकसष्ट. कापूस तेवढाच, पिशवी लहान, म्हणून उशी दगडासारखी टणक लागत होती. ‘धुतल्यावर उशी कडक झाली’ या तक्रारीतला निम्मा दोष कापसाचा नसून अस्तराचा आहे. उरलेला निम्मा कापसाचा : आत मुठीएवढ्या गाठी झालेल्या, मधली गाठ फोडली तर आत करड्या रंगाचा ओलसर गर. हा कापूस आता पिंजल्याशिवाय पुन्हा फुलणार नाही. तो पिंजायला पाठवतेय.

पॉलिस्टरच्या उशीचं अस्तर नॉनवोव्हन, म्हणजे विणलेलं नाही, तंतू दाबून बनवलेलं. एकदा धुण्यात त्याला कोपऱ्यापाशी झिरझिरीत भोकं पडली होती आणि त्यातून तंतू बाहेर येऊन वरच्या कापडाला आतून चिकटले होते. उशीचा एक कोपरा रिकामा, दुसऱ्यात गोळा. हे तंतू एकमेकांवरून सरकावेत म्हणून त्यांना सिलिकॉनचा हात दिलेला असतो. दर धुण्यात तो थोडा थोडा जातो, तंतू एकमेकांत अडकायला लागतात. अस्तर घट्ट विणीचं असतं तर निदान सगळं आत राहिलं असतं आणि हाताने पसरता आलं असतं.

११ मार्च

शिवायला घेतलं. गाद्यांसाठी ‘ख’. अख्खं कापड कापण्याआधी एकदा ६० अंशाला धुऊन सावलीत वाळवलं, म्हणजे आटण्याचा मोठा भाग आपल्याकडेच होऊन जाईल. त्यावर आणखी लांबीत ४ सेंमी सैल. झालर ताणल्या जाणाऱ्या होजिअरीची, फिल्मशिवाय, म्हणजे बाजूने हवा खेळती राहील.

उश्यांना दोन खोळी. आतली ‘ख’ची, चेन असलेली, महिन्यातून एकदा धुवायची. वरून नेहमीचा सुती अभ्रा, तो हवा तेव्हा, हवा तितक्या गरम पाण्यात. रोजचा मळ अभ्रा झेलेल, सांडलेलं आतली खोळ अडवेल, आणि उशी धुवायची वेळच शक्यतो येणार नाही. चेन बंद केल्यावर दोन इंच पट्टी तिच्यावर येते, कारण चेनीच्या दातांतून पाणी जातं.

१४ मार्च

पहिल्या चार खोळी निवासात लावून आले. काकांनी झालरीवरची पट्टी वाचली, त्यावर शिवून घेतलंय : ६० अंश, ब्लीच नाही, पिळू नये, ड्रायर कमी, इस्त्री नाही. त्यांनी विचारलं, “आणि ऊन?” ते राहून गेलं होतं. फिल्म रोज कडक उन्हात पडली तर कालांतराने पिवळी आणि ठिसूळ होते. उरलेल्या वीस पट्ट्यांवर ‘सावलीत वाळवा’ घालायचंय. या चारांवर काकांनी त्यांच्या पेनाने लिहून टाकलं.